महाबळेश्वर-पाचगणी-वाई: दोन पहाटा, दोन संध्याकाळी, एक गाडी. आराखडा तपासून द्या

सह्यवेडा_कोथरूड
नमस्कार मंडळी. १३ आणि १४ डिसेंबर, शनिवार-रविवार. आम्ही चौघं, एक गाडी, तीन ट्रायपॉड. फक्त फोटोसाठी जातोय. घोडा, बोट, स्ट्रॉबेरी-क्रीम यातलं काही नाही (स्ट्रॉबेरी-क्रीमबद्दल एकाचं वेगळं मत आहे).

आमचा आराखडा असा. शनिवारी पहाटे साडेतीनला पुणे सोडायचं, साडेसहाला विल्सन पॉइंट. सूर्योदय ६:५८ दाखवतोय. तिथे पंधरा मिनिटं काढून ७:३० ला केट्स पॉइंट, मग ८ ला आर्थर सीट, साडेनऊला प्रतापगड. संध्याकाळी बॉम्बे पॉइंट. रविवारी सकाळी वेण्णा तलाव, मेणवलीचा घाट, जमलं तर धोम, आणि घरी. गोल्डन अवर तासाभराचा म्हणजे साधारण आठपर्यंत धरलाय. मॅपवर विल्सन ते केट्स वीस मिनिटं येतात, त्यामुळे दोन्ही ठिकाणी सोनेरी ऊन मिळेल असा हिशोब आहे. काय चुकतंय?

आर्द्रा
चुकतोय तो तासच. आपल्याकडे डिसेंबरात सूर्य उगवल्यापासून ऊन पांढरं पडायला लागेपर्यंत जेमतेम अर्धा तास मिळतो. ६:५८ ला उगवला तर साडेसाताला खेळ संपला. तुम्ही केट्सच्या पार्किंगमध्ये गाडी लावत असाल तेव्हा.

महाबळेश्वर साधारण १८ अक्षांशावर आहे. इथे सूर्य क्षितिजावरून जवळजवळ सरळ वर चढतो, ताशी १३ अंशांच्या आसपास. सूर्य साधारण सहा अंश वर येईपर्यंत उन्हाला तो रंग असतो. भागाकार करून बघा. "तासभर" हा शब्द उत्तरेकडच्या लोकांनी रूढ केलाय, त्यांच्याकडे सूर्य तिरका, क्षितिजाला घासत वर येतो.

तेव्हा एका पहाटेला एकच जागा. दुसरी जागा फार तर चालत दहा मिनिटांवरची. तुमच्याकडे दोन पहाटा आहेत म्हणजे दोन जागा आहेत. त्या कोणत्या, ते आधी ठरवा. बाकी सगळं त्यांच्याभोवती बसेल.

टेम्सकाठचा
ताई, मी जरा असहमत. मी दर डिसेंबरात रिचमंड पार्कात हरणं टिपायला जातो आणि मला व्यवस्थित तासभर मिळतो. शिवाय ॲप सूर्योदयाच्या आधीपासून गोल्डन अवर मोजतं, नंतरचाच भाग का धरायचा? सह्यवेडा, इतके घाबरू नका, ॲपमध्ये तारीख टाका आणि बघा.

आर्द्रा
लंडनला डिसेंबरात तासभर मिळतो हे अगदी खरं, मी तेच म्हणतेय. आणि ॲपचंही बरोबर आहे. सूर्य क्षितिजाखाली चार अंशांवर असल्यापासून धरलं तर १३ तारखेला ६:४३ ते ७:२९ अशी पाऊण तासाची पट्टी येते. पण त्यातली पहिली पंधरा मिनिटं नुसत्या आभाळाच्या रंगाची आहेत, दगडावर ऊन नाही. आकाश टिपायचं असेल तर ती पंधरा मिनिटं सोन्याची. कड्यावर पडलेलं ऊन टिपायचं असेल तर ती वाट बघण्याची. दोन्हीची बेरीज करून "पाऊण तास आहे, दोन ठिकाणं होतील" असं मात्र करू नका.

टेम्सकाठचा
हे मान्य. पुण्यात होतो तेव्हा कॅमेरा नव्हता, आणि कॅमेरा आला तेव्हा इकडे आलो होतो. तिकडचा अर्धा तास मी कधी मोजलेलाच नाही.

मुक्ताई२२
खूप छान धागा! आम्ही मे महिन्यात आईबाबांना घेऊन गेलो होतो. पहाटे पाचला उठवून सगळ्यांना विल्सन पॉइंटला नेलं. सूर्योदयाची वेळ झाली, सगळे मोबाईल वर करून उभे, आणि सूर्य आलाच नाही. ढग तर नव्हते. दहा-बारा मिनिटांनी एकदम हवेतूनच एक फिकट गोळा दिसायला लागला, खाली क्षितिज वगैरे काही नाही. बाबा अजून टोमणे मारतात. असं का झालं असेल? आणि डिसेंबरात कासची फुलं असतात का?

शटरबहाद्दर
कास सप्टेंबरात, ताई. डिसेंबरात वाळकं गवत.

आर्द्रा
मुक्ताई, तुमचा प्रश्न या धाग्याला नेमका लागू आहे. क्षितिजाजवळ धूळ आणि धूसरपणाचा एक थर असतो. उन्हाळ्यात तो जाड होतो. सूर्य वेळेवरच उगवतो, पण पहिले दोन-तीन अंश त्या थराच्या मागे जातात. आपल्याकडे एक अंश चढायला साडेचार मिनिटं लागतात, म्हणजे तुमची दहा-बारा मिनिटं बरोबर जुळली. बाबांना सांगा, सूर्य उशिरा आला नव्हता, पडदा होता.

सह्यवेडा, डिसेंबरात हे कमी होतं, पण होतच नाही असं नाही. मग अर्ध्या तासातली दहा मिनिटं तिथेच जातात. आदल्या दिवशी संध्याकाळी सूर्य कसा बुडतोय ते बघून ठेवा. तो क्षितिजाच्या वरच लाल होऊन विरघळला तर दुसऱ्या दिवशी सकाळीही तशीच तयारी ठेवायची.

शटरबहाद्दर
माझं मत विल्सन पॉइंटला. १,४३९ मीटर, महाबळेश्वरातली सगळ्यात उंच जागा, गावापासून दोन किलोमीटरच्या आत. तीन कट्टे आहेत, तिन्ही बाजूंना फिरता येतं. लोक सगळे पूर्वेकडे तोंड करून उभे असतात. तुम्ही सूर्योदयाच्या दहा-पंधरा मिनिटं आधी पाठ फिरवून पश्चिमेला बघा. क्षितिजालगत निळसर काळपट पट्टा आणि त्याच्यावर गुलाबी. तो खालचा पट्टा म्हणजे पृथ्वीची सावली आहे. सूर्य वर येईल तशी ती खाली सरकते. माझ्याकडच्या तिथल्या चांगल्या चारपैकी तीन फोटो पश्चिमेचे आहेत.

आर्द्रा
गुलाबी पट्ट्याबद्दल पूर्ण सहमत. पण विल्सनला चौकटीच्या खालच्या अर्ध्यात काय ठेवणार? सगळं आपल्या खाली आणि लांब. आभाळ साधं निघालं तर फोटोत काही उरत नाही. केट्सला निदान कृष्णेचं खोरं आहे, बलकवडी-धोमचं पाणी आहे, कमळगड आहे, खडकाला पडलेलं ते नेढं आहे.

शटरबहाद्दर
आणि केट्सला आठ वाजता शंभर माणसं आहेत.

आर्द्रा
आठला आपण तिथे नसतोच.

सह्यवेडा_कोथरूड
धन्यवाद, डोकं गरगरलं पण बरं झालं. मग शनिवारी विल्सन, रविवारी केट्स असं करतो. आर्थर सीट पहिल्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास. चालेल?

शटरबहाद्दर
आर्थर सीट सकाळी बाद. ते पश्चिमेचं टोक आहे, सूर्य पाठीशी, दरी अंधारात. संध्याकाळीच जा.

आर्द्रा
अर्धं खरं. आर्थर सीटवर उत्तरेकडे तोंड करून उभे राहिलात तर डावीकडे सावित्रीचं खोरं, म्हणजे कोकण, आणि उजवीकडे जोरचं खोरं, जिथून कृष्णा पुढे जाते. सकाळी डावीकडचं गडद असतं, उजवीकडे उजेड उतरत असतो. एकाच जागेवरून दोन्ही दिसतात, त्यामुळे "बाद" म्हणवत नाही. पण गावापासून बारा-तेरा किलोमीटर, वळणांचा रस्ता, क्षेत्र महाबळेश्वरला गर्दी, आणि पार्किंगपासून पायऱ्यांनी पुढे चालायचं. अर्धा-पाऊण तास धराच. नऊला पोचलात तर ऊन पांढरं झालेलं असेल आणि कोकण धुरकट.

आता यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग, जो ॲप सहसा सांगत नाही. ॲपमधली सूर्योदयाची वेळ सपाट क्षितिजाची असते. तुम्ही टिपणार असलेल्या जागेवर ऊन कधी पडेल ते तुमच्या आणि सूर्याच्या मध्ये काय उभं आहे त्यावर ठरतं. मी एक कच्चा हिशोब वापरते. आडवा येणारा डोंगर तुमच्या विषयापेक्षा किती मीटर उंच आहे, त्याला तो किती मीटर लांब आहे याने भागायचं आणि ५७ ने गुणायचं. येतील ते अंश. प्रत्येक अंशाला साडेचार मिनिटं.

प्रतापगड घ्या. पूर्वेला महाबळेश्वरचं पठार आहे, गडापेक्षा ढोबळमानाने ३०० मीटर उंच आणि ६ किलोमीटरवर. ३०० भागिले ६,००० गुणिले ५७, म्हणजे तीन अंशांच्या आत. गडावर ऊन तेरा-चौदा मिनिटं उशिरा येईल. तरी अर्ध्या तासातला निम्मा शिल्लक राहतो, म्हणजे सकाळचा प्रतापगड जमण्यासारखा आहे. आता एखादं खोल खोरं घ्या, जिथे ५०० मीटरचा कडा दोन किलोमीटरवर उभा आहे. चौदा अंश येतात, म्हणजे तासाहून जास्त. अशा खोऱ्याच्या तळाला डिसेंबरच्या सकाळी सोनेरी ऊन पडतच नाही. तिथे पहिलं ऊन पडतं तेच पांढरं. लोक तिथे पोचतात, वाट बघतात आणि "आज लाइट नव्हता" म्हणून परत येतात.

टेम्सकाठचा
हे ५७ कुठून आलं?

आर्द्रा
त्रिकोणमितीतून. छोट्या कोनांना चालतं, मोठ्यांना थोडं जास्त दाखवतं. पण मोठा कोन आला की तसंही तिथे जायचं नसतंच.

अण्णा_वाईकर
पोरांनो, हिशोब झाले असतील तर जरा रस्त्याचं बोला. पुण्याहून साडेतीनला निघून साडेसहाला विल्सन, हे कागदावर. १२० किलोमीटर आहे. खंबाटकीला एखादा ट्रक आडवा पडला की अर्धा तास गेला. पुढं सुरूर फाटा, वाई, पसरणी घाट, पाचगणी, मग महाबळेश्वर, आणि दोन्हीकडे नाक्यावर पावती. पाचगणीपासून वर अजून अठरा-एकोणीस किलोमीटर, ती अंधारात पस्तीस-चाळीस मिनिटं खातात. गवे पण असतात रस्त्यात, त्यांना तुमच्या सूर्योदयाचं काही पडलेलं नाही.

माझं ऐका. शनिवारी वरपर्यंत धावूच नका. पसरणी घाट जिथं संपतो, पाचगणी यायच्या आधी, तिथं वाईचं सगळं खोरं पूर्वेला उघडं आहे. वाईतले दिवे, खाली धुकं असलं तर त्यातनं डोकं काढलेले डोंगर. तिथं सूर्योदय करा. फक्त गाडी वळणावर लावू नका. पहाटे एसटी आणि दुधाच्या गाड्या जोरात येतात. थोडं पुढं जाऊन रुंद जागा बघून लावा आणि चालत मागं या.

आर्द्रा
अण्णा, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं आणि हे माझ्या सगळ्या हिशोबापेक्षा चांगलं आहे. पुण्यापासून शंभर किलोमीटर, म्हणजे वरच्या टप्प्याची चाळीस मिनिटं हाताशी राहतात. उशीर झाला तर ती उपयोगी पडतील, नाही झाला तर दिवे आणि निळा उजेड मिळेल.

सह्यवेडा_कोथरूड
अण्णा, दंडवत. मग असं करतो. शनिवारी पहाट पसरणी घाटात, नंतर वर जाऊन झोप. संध्याकाळी बॉम्बे पॉइंट की आर्थर सीट?

आर्द्रा
१३ तारखेला सूर्यास्त ६:०२ ला, आणि थेट पश्चिमेला नाही. नैऋत्येकडे बराच सरकलेला असेल, पश्चिमेपासून पंचवीस अंश डावीकडे. बॉम्बे पॉइंटला सूर्य समोर येतो म्हणून सगळे तिथे जातात. पण समोरून येणाऱ्या उजेडात डोंगरांच्या नुसत्या काळ्या कडा उरतात. मी लॉडविकला जाईन. ते हत्तीच्या डोक्यासारखं टोक आडव्या उन्हात उभं राहतं, खडकाचे थर एकेक मोजून घ्यावेत असे दिसतात. गावापासून पाचेक किलोमीटर, स्तंभापर्यंत आणि तिथून पुढे टोकाकडे चालायचं. पाचला ट्रायपॉड उभा असला पाहिजे. मोलाचा वेळ साडेपाच ते पावणेसहा. सूर्य बुडण्याची वाट बघू नका, कोकणावरचा धूसर थर त्याला आधीच गिळतो. कठड्याबाहेर मात्र जाऊ नका.

शटरबहाद्दर
कशाही चौकटीसाठी नाही. लिहून ठेवा.

अण्णा_वाईकर
आणि रविवारी मेणवली उतरताना करा. पण दुपारी चारच्या आत या. आमच्याकडे डोंगर पश्चिमेला आहेत, थंडीत सूर्य लवकर आड जातो. घड्याळात सहाला मावळतो, आमच्यात त्याच्या बऱ्याच आधी.

टेम्सकाठचा
मेणवलीला सोनेरी ऊन हवंच कशाला? दगडी घाट आणि संथ पाणी. सावलीत उलट छान येईल.

आर्द्रा
या वेळी टेम्सकाठचे शंभर टक्के बरोबर. दिवसाचा आराखडा करताना सावलीत चालणाऱ्या जागा वेगळ्या काढून ठेवायच्या आणि पांढऱ्या उन्हाच्या किंवा गेलेल्या उन्हाच्या वेळी वापरायच्या. घाट, वाडे, देवळांचे आतले भाग, दाट झाडी. सोनेरी अर्धा तास फक्त त्यांना द्यायचा ज्यांना त्याच्याशिवाय चालत नाही.

रविवारचं केट्स सांगते आणि थांबते. गावातून पाच पन्नासला निघा. सात किलोमीटर, वीस-पंचवीस मिनिटं, मग चालणं. साडेसहाला कॅमेरा लावलेला हवा, कारण ६:३५ पासून आभाळात रंग सुरू होईल. सूर्य पाण्यावरून वर येणार नाही हे लक्षात ठेवा. डिसेंबरात तो आग्नेयेकडे सरकलेला असतो, म्हणजे तुमच्या उजवीकडून, पाचगणीच्या बाजूने येईल. मार्चमध्ये तो बराच पाण्याकडे सरकतो. त्यामुळे इंटरनेटवरचे पाण्यावर लालभडक सूर्य असलेले फोटो बघून जाऊ नका. उत्तरेला कमळगडाकडे कॅमेरा वळवा, ऊन उजवीकडून आडवं मिळेल. खालच्या पाण्यावर थेट ऊन मात्र साडेसातच्या पुढेच पडेल असा माझा अंदाज आहे. पाचगणीचं पठार पाण्यापेक्षा साडेपाचशे मीटर उंच आणि सुमारे चार किलोमीटर लांब धरलं तर पावणेआठ अंश येतात.

मुक्ताई२२
एवढं सगळं करून शेवटी ढग आले तर?

शटरबहाद्दर
तर स्ट्रॉबेरी-क्रीम.

सह्यवेडा_कोथरूड (१६ डिसेंबर)
आलो. वृत्तांत लांब आहे, माफ करा.

शनिवारी साडेतीनऐवजी तीन पन्नासला निघालो. एकजण मेमरी कार्ड विसरला होता, नाव सांगत नाही. खंबाटकीला अण्णांनी सांगितलेला ट्रक खरंच होता. पस्तीस मिनिटं. जुन्या आराखड्याप्रमाणे निघालो असतो तर सूर्योदय गाडीच्या काचेतून पाचगणीच्या बाजारात झाला असता. पसरणी घाटाच्या माथ्यावर ६:४० ला पोचलो. दिव्यांचे चांगले फोटो हुकले, आभाळ उजळायला लागलं होतं. पण खाली धुकं होतं! पातळ, दुधाच्या सायीसारखं, नदीच्या रेषेत जमलेलं. सात वाजून काही मिनिटांनी सूर्य धुरकटीतून सुटला आणि धुक्याच्या वरच्या कडेला रंग चढला. तो रंग मी घड्याळ लावून मोजला. ७:०५ ते ७:२४. नंतर धुकं पांढरं आणि आम्ही चहा.

संध्याकाळी लॉडविक. ४:५० ला उभे होतो. ताईंनी सांगितलेल्या पंधरा मिनिटांत माझे दोन दिवसांतले सगळ्यात चांगले फोटो आहेत. ५:५० च्या सुमारास सूर्य फिका गोळा झाला आणि पाच मिनिटांत नाहीसा. शेजारची मंडळी "अजून बुडायचाय" म्हणून सव्वासहापर्यंत उभी होती.

रविवारी केट्स. वारा इतका की ट्रायपॉडला पिशवी टांगली तरी लांब एक्स्पोजर हलले. सूर्य अगदी उजवीकडून आला. कमळगडाच्या कड्यावर ७:०५ ला ऊन, सुरेख. पाण्यावर पहिलं ऊन पलीकडच्या काठाला ७:४० ला. ताईंच्या "साडेसातच्या पुढे"ला जुळतं, पण सात-आठ मिनिटं जास्त लागली. तोवर पाणी आभाळाचा निळा-जांभळा रंग दाखवत होतं, आणि खरं सांगायचं तर ते सोनेरीपेक्षा मला जास्त आवडलं.

चुकलेलं: वेण्णा तलाव. केट्सवरून परतताना आठ दहाला पोचलो. धुकं होतं, पण विरत आलेलं, आणि रस्त्यावर गाड्यांची रांग लागलेली. आर्थर सीट आणि प्रतापगड सोडून दिले. मेणवलीला चारच्या आत काही पोचलो नाही, सव्वापाच झाले. घाटावर सावली. टेम्सकाठचे म्हणाले तसंच, दगडाचा पोत छान आला.

आर्द्रा
सात-आठ मिनिटांचा फरक माझ्या ढोबळ आकड्यांमुळे. मी पठाराची उंची आणि अंतर अंदाजाने धरलं होतं. चार किलोमीटरच्या जागी साडेतीन धरलं तर नऊ अंश येतात, म्हणजे चाळीस मिनिटं. धुरकटीनेही थोडं खाल्लं असेल. तुमचं ७:४० लिहून ठेवा. पुढच्या डिसेंबरात कुणी गेलं तर माझ्या भागाकारापेक्षा ते खरं.

शटरबहाद्दर
वेण्णाच्या धुक्याचं कुणी नीट सांगा. मी तीनदा गेलो, एकदाच मिळालं. आभाळ निरभ्र, वारा नाही, थंडी भरपूर, तरी दोनदा कोरडं.

अण्णा_वाईकर
आदल्या रात्री वारा पडलेला पाहिजे. मध्यरात्रीनंतर सुटला तरी गेलं.

शटरबहाद्दर
अण्णा, वारा नव्हता म्हणतोय ना.

अण्णा_वाईकर
तू झोपलेला होतास मध्यरात्री.

टेम्सकाठचा
😂 रिचमंडला मी आदल्या दिवशीचा पाऊस बघतो. जमीन ओली आणि रात्र निरभ्र असेल तर धुकं बहुतेक मिळतं. तिथे डिसेंबरात पाऊस कुठला म्हणा.

आर्द्रा
तलाव आहे, ओलावा पाण्यातूनच येतो. मला वाटतं तिथे पाणी आणि हवेच्या तापमानातला फरक जास्त महत्त्वाचा असावा, पण छातीठोक सांगत नाही. सलग आठ-दहा पहाटा कुणीतरी तिथे राहून नोंदी घ्यायला हव्यात. शटरबहाद्दर, सुट्टी टाका.

मुक्ताई२२
फोटो कुठे आहेत?

सह्यवेडा_कोथरूड
हे घ्या, पाच टाकलेत. पहिला घाटातलं धुकं, दुसरा-तिसरा लॉडविक, चौथा केट्सवरून पांडवगड, पाचवा मेणवली.

अण्णा_वाईकर
पहिला घरी दाखवला, आमच्या हिनं लगेच नदीचं वळण ओळखलं. चौथ्यात पांडवगड नाही, तो कमळगड. वर तुम्हीच लिहिलंय की. पांडवगड वाईच्या डोक्यावर आहे, पहिल्या फोटोत डावीकडं धुक्यातनं थोडा दिसतोय तो असणार. नाव दुरुस्त करा, नाहीतर लोक पुढच्या वर्षी केट्सवर उभं राहून पांडवगड शोधत बसतील.